औषध दुकानाच्या पाळ्या कशा लावाव्यात: दोन फार्मासिस्ट आणि चौदा तास

औषध दुकानाच्या पाळ्या लावणे हे किराणा किंवा कापड दुकानाच्या पाळ्या लावण्यापेक्षा एका बाबतीत वेगळे काम आहे. इथे नुसती माणसे मोजून भागत नाही, त्या वेळी कोणता माणूस हजर आहे हेही पाहावे लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावीत, असे १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ सांगतो, आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ हेच बंधन घालते. त्यामुळे काउंटरवर चार अनुभवी माणसे उभी असली, पण फार्मासिस्ट घरी गेलेला असला, तर त्या वेळापुरते ते दुकान चिठ्ठीसाठी बंदच समजावे लागते. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक तपासणीला आल्यावर फार्मासिस्ट हजर आहे का, हे आधी पाहतात. म्हणूनच नव्याने दुकान चालवणाऱ्याने वेळापत्रकाची सुरुवात फार्मासिस्टपासून करावी आणि बाकीच्यांच्या वेळा त्याभोवती बसवाव्यात. या लेखात मी माझ्याच दुकानाचे वेळापत्रक उदाहरण म्हणून घेतो, कारण त्यातल्या चुका मला नेमक्या ठाऊक आहेत.

दुकान तालुक्याच्या गावात आहे. सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री १० आणि रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ अशी त्याची वेळ आहे. मी स्वतः फार्मासिस्ट आहे आणि दुकानात दुसऱ्या एक पूर्णवेळ फार्मासिस्ट ताई आहेत. काउंटर, मांडणी आणि माल मोजून घेण्यासाठी तिघे आहेत: आठ वर्षे दुकानात असलेले भाऊ, बाहेरगावाहून एस.टी.ने येणाऱ्या मावशी आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा.

पहिली पायरी: तासांची बेरीज, आणि ती कुठे फसवते

आठवड्याचे एकूण तास आधी काढावेत. चौदा तासांचे सहा दिवस म्हणजे ८४, त्यात रविवारचे ५ मिळवले की ८९ तास होतात. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम करायचे असे धरले, तर दोन फार्मासिस्ट मिळून ९६ तास देतात. म्हणजे कागदावर सात तास शिल्लक राहतात, आणि नवीन माणूस इथेच निश्चिंत होतो. मीही झालो होतो. परंतु प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी असते. एकाने रविवार घेतला तर दुसऱ्याला मधलाच एखादा वार घ्यावा लागतो, आणि त्या वारी उरलेल्या एकट्या फार्मासिस्टवर सलग चौदा तास येतात. आठवड्याची बेरीज जुळली तरी वेळापत्रक मोडते ते याच दिवशी. त्यामुळे बेरीज झाल्यावर लगेच प्रत्येकाच्या सुट्टीचा वार वेगळा काढून, त्या एका दिवसाचे तास कोण भरणार आहे हे स्वतंत्रपणे तपासावे.

सुरुवातीला ताईंनी सोमवार मागितला होता. मी तो दिला आणि सोमवारी सकाळी शटर वर करण्यापासून रात्री ते खाली ओढण्यापर्यंत एकटा उभा राहू लागलो. तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी, रात्री पावणेदहाच्या सुमारास, मी एका आजोबांच्या पिशवीत २५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांऐवजी त्याच कंपनीच्या ५० मिलिग्रॅमच्या पट्ट्या टाकल्या. दोन्ही पट्ट्यांचा रंग सारखाच होता. आजोबांनी घरची रिकामी पट्टी सोबत आणली होती आणि ती दिव्याखाली धरून त्यांनीच विचारले, “आकडा वेगळा दिसतोय, साहेब?” त्या रात्री मी घरी जाऊन सोमवार खोडला. चौदा तास उभे राहणे अंगात बळ असेपर्यंत जमते, पण चिठ्ठीवरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळवणारी नजर तेवढा वेळ टिकत नाही.

तासांची मर्यादा ठरवताना मी महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याचे, २०२५ च्या दुरुस्तीपूर्वीचे, मूळ माप वापरतो: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, विश्रांतीसह दिवसाचा एकूण पसारा साडेदहा तासांच्या आत, आणि आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी. थोडे कामगार असलेल्या लहान दुकानांना या कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत आणि माझे दुकान त्यांतलेच आहे. तरीही हे माप मी सोडत नाही, कारण वेळापत्रक बनवताना कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि स्वतःच्या सोयीने ओढलेली रेघ दर महिन्याला थोडी पुढे सरकते.

मधल्या वारच्या सुट्टीचा तिढा सोडवण्यासाठी तिसरा फार्मासिस्ट हवा होता, पण पूर्णवेळ नव्हे, आठवड्यातून एका संध्याकाळपुरता. गावातल्या एका निवृत्त फार्मासिस्ट काकांनी ते मान्य केले. अशा अर्धवेळ माणसालाही नेमणुकीचे पत्र द्यावे, त्यांची नोंदणी चालू आहे का ते पाहावे आणि जबाबदार फार्मासिस्टमध्ये झालेला बदल एका महिन्याच्या आत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवावा. नुसत्या ओळखीवर एखाद्याला खुर्चीत बसवणे तपासणीच्या वेळी महागात पडते.

दुसरी पायरी: गर्दी बिलांवरून मोजावी

किती माणसे केव्हा लागतात हे आठवणीवरून ठरवू नये. आठवणीत फक्त तुडुंब गर्दीचे दिवस राहतात. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बिलावर वेळ असते, तेव्हा मागच्या चार आठवड्यांची बिले काढून तासागणिक किती बिले झाली ते मोजावे. सॉफ्टवेअर नसेल तर दोन आठवडे वहीत दर तासाच्या रकान्यात रेघा मारल्या तरी पुरते.

औषध दुकानाची गर्दी डॉक्टरांच्या ओपीडीच्या मागून येते. आमच्याकडे ती सकाळी ११ ते २ आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ अशी आहे. त्या वेळात तासाला तीसच्या आसपास बिले होतात, तर दुपारी तीन ते पाच या वेळात सात-आठ. चिठ्ठी वाचणे, औषध काढणे, बिल करणे आणि कोणती गोळी जेवणाआधी व कोणती नंतर हे समजावणे, यांत एका गिऱ्हाइकामागे साधारण पाच मिनिटे जातात. म्हणजे एक माणूस तासाला बारा गिऱ्हाइके नीट सांभाळतो. तीस बिलांसाठी फार्मासिस्ट धरून तिघे लागतात आणि दुपारी दोघे पुष्कळ होतात. पाच मिनिटांचा हा आकडा प्रत्येकाने आपल्या दुकानात घड्याळ लावून तपासून घ्यावा, कारण जिथे लहान मुलांचे डॉक्टर शेजारी असतील तिथे मात्रा समजावण्यात वेळ जास्त जातो.

बिले मोजताना मला दोन गोष्टी नव्याने कळल्या. शेजारचा मोठा दवाखाना गुरुवारी बंद असल्यामुळे त्या दिवशी दुपारच्या गर्दीतही तासाला अठराच्या वर बिले जात नव्हती, तेव्हा सुट्टी द्यायला गुरुवार हा हलका वार होता. दुसरे असे की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार आणि पेन्शन हातात आल्यावर, रक्तदाब आणि साखरेची महिनाभराची औषधे नेणारी मंडळी एकदम येतात. त्या आठवड्यात ठरलेल्या साप्ताहिक सुट्टीपलीकडे रजा कुणालाही, मालकालाही, शक्यतो घेता येणार नाही, हे कामावर घेतानाच सांगून ठेवावे.

तिसरी पायरी: प्रत्येकाची वेळ एकेकट्याला बसवून विचारावी

सगळ्यांना एकत्र उभे करून “कुणाला कोणती वेळ चालेल?” असे विचारले, तर जो मोठ्याने बोलतो त्याची सोय होते. प्रत्येकाला वेगळे बसवून तीन गोष्टी विचाराव्यात आणि त्याच्यासमोरच लिहून घ्याव्यात. कोणत्या वेळी येणे शक्यच नाही, कोणत्या वेळी जमेल पण जड जाईल, आणि पसंतीची वेळ कोणती? पहिल्या उत्तराला हात लावायचा नाही, दुसऱ्यातले तास सगळ्यांमध्ये वाटून घ्यायचे आणि तिसरे जमले तर द्यायचे. ही तीन उत्तरे एकमेकांत मिसळली की “शक्य नाही” आणि “नको वाटते” यांतला फरक पुसला जातो आणि मग भांडणे होतात.

कारणही विचारावे, मात्र उलटतपासणीसाठी नव्हे. मावशी आधी फक्त “पाचनंतर नको” एवढेच म्हणाल्या होत्या. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले, “दादा, साडेपाचची एस.टी. चुकली की मग पावणेनऊचीच आहे, आणि तोवर घरी चूल पेटत नाही.” यावरून दोन गोष्टी ठरल्या. त्यांची पाळी पाचलाच संपली पाहिजे आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांच्या हातात नवे गिऱ्हाईक देता कामा नये. कॉलेजच्या मुलाने उलट “कधीही चालेल, सर” असे सांगितले. हे उत्तर कधी लिहून घेऊ नये. मी त्याला कॉलेजचे वेळापत्रक आणायला लावले, तेव्हा प्रॅक्टिकल धरून तो पाचच्या आत मोकळा होत नाही हे दिसले. ताईंच्या मुलीची शाळेची गाडी चारला घरी येते, म्हणून त्यांना साडेतीनला निघायचे होते. भाऊंचे घर दुकानापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे, हीसुद्धा नोंदण्याजोगी गोष्ट होती, आणि ती पुढे उपयोगी पडली.

चौथी पायरी: अवघड जागा आधी भराव्यात

वेळापत्रक सोमवार सकाळपासून क्रमाने भरत गेले तर सोप्या जागी माणसे आधी संपतात आणि शनिवार संध्याकाळ रिकामी राहते. आधी फार्मासिस्ट बसवावेत, मग त्यांच्या सुट्टीचे वार, मग गर्दीचे तास आणि शेवटी उरलेले.

ताई सोमवार ते शनिवार ८ ते साडेतीन आणि मी अडीच ते रात्री १०, हा पाया ठरला. अडीच ते साडेतीन हा एक तास दोघेही असतो आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. त्या वेळात अर्धवट राहिलेल्या चिठ्ठ्या, घाऊक विक्रेत्याकडे सांगितलेला माल आणि शेड्यूल एच-१ मधील औषधांची वही एकाकडून दुसऱ्याकडे जाते. वही समोर ठेवून बोलणे झाले नाही, तर संध्याकाळी गिऱ्हाईक “सकाळी ताईंनी उद्या या म्हणून सांगितले होते” असे म्हणते आणि कशासाठी ते दुकानात कुणालाच माहीत नसते.

माझ्या सुट्टीसाठी हलका गुरुवार घ्यावा असे मनात होते, पण भाऊंनाही गुरुवारच हवा होता. मी बुधवार घेतला. याचे कारण चांगुलपणा नव्हे. काका आठवड्यातून एकदाच येतात आणि कोणत्या खणात काय आहे हे त्यांना पाठ नाही, तेव्हा ते असतील त्या संध्याकाळी भाऊ असणे आवश्यक होते. दुकानात नवखी दोन माणसे एका पाळीत एकटी राहू नयेत, हा नियम मी वाराच्या पसंतीपेक्षा वर ठेवतो.

भाऊंची पाळी तोडून द्यावी लागली, कारण ते दोन्ही गर्दीत हवे होते. ११ ते २ आणि पुन्हा ६ ते १० असे आधी लिहिले, तेव्हा पसारा अकरा तासांचा झाला. म्हणून संध्याकाळची वेळ साडेपाच ते साडेनऊ केली आणि तो साडेदहा तासांवर आला. घर जवळ असल्यामुळे दुपारी ते घरी जेवून झोपही घेतात. लांबून येणाऱ्याला अशी तुटक पाळी कधीही देऊ नये, कारण मधले साडेतीन तास त्याचे दुकानाच्या पायरीवर वाया जातात आणि त्या वेळेचा पगारही मिळत नाही.

शेवटी जे जमले ते असे:

| कोण | वेळ | सुट्टी |
|---|---|---|
| ताई | सोम–शनि ८ ते ३:३० | रविवार |
| मी | अडीच ते १०. रवि ९ ते २ | बुधवार |
| काका | फक्त बुधवार २:३० ते १० | — |
| मावशी | सोम–शनि ९ ते ५ | रविवार |
| भाऊ | ११ ते २ आणि ५:३० ते ९:३०. रवि ९ ते २ | गुरुवार |
| मुलगा | सोम–शनि ५ ते १० | रविवार |

विश्रांती वेळापत्रकातच लिहावी, नाहीतर ती कुणालाच मिळत नाही. ताईंची साडेदहा ते अकरा, म्हणजे ओपीडीच्या चिठ्ठ्या यायला लागण्याआधी; मावशींची दोन ते अडीच; माझी, आणि बुधवारी काकांची, साडेचार ते पाच. फार्मासिस्टच्या त्या अर्ध्या तासात चिठ्ठी फक्त घेऊन ठेवली जाते आणि गिऱ्हाइकाला किती वाजता या ते सांगितले जाते. साबण, डायपर, बाळाचे खाणे यांची विक्री मावशी चालू ठेवतात.

हे झाल्यावर प्रत्येक वारावर तीन वेळा बोट ठेवून पाहावे: सकाळी ९, दुपारी १ आणि रात्री ८. त्या क्षणी फार्मासिस्ट कोण आहे आणि एकूण माणसे किती आहेत? गुरुवारी दुपारी एकला ताई आणि मावशी अशा दोघीच दिसतात, पण त्या दिवशी बिले अठरा आणि दोघींचे बळ चोवीस बिलांचे, तेव्हा ते चालते. हाच आकडा मंगळवारी दिसला असता तर वेळापत्रक पुन्हा मांडावे लागले असते.

पाचवी पायरी: अदलाबदल आणि अचानक रजा

वेळापत्रक दोन आठवड्यांचे एकदम लावावे आणि ते शनिवारपर्यंत गल्ल्यामागच्या भिंतीवर लागलेले असावे. फोनवरच्या ग्रुपवरही त्याचा फोटो टाकावा, पण वाद झाल्यास भिंतीवरचा कागद खरा धरावा. अदलाबदलीला माझी हरकत नसते, मात्र तिच्या दोन अटी आहेत. फार्मासिस्टची पाळी फार्मासिस्टच घेऊ शकतो, आणि दोघांनी भिंतीवरच्या कागदावर सही केल्याशिवाय बदल झाला असे समजले जात नाही. “मी त्याला सांगितले होते” या वाक्यावर दुकान उघडे राहत नाही.

अचानक रजेची तजवीज आधीच ठरवावी. ताई आजारी पडल्या तर पहिला फोन काकांना जातो, आणि त्यांना आदल्या रात्री नऊपर्यंत कळवायचे असे ठरले आहे. काकाही नसतील तर मी ९ ते १ आणि साडेतीन ते साडेसात एवढाच वेळ चिठ्ठीची औषधे देतो. पसारा तेव्हाही साडेदहा तासांचाच राहतो आणि बाहेर तसा फलक लावतो. फलक लावण्यात मला पूर्वी संकोच वाटे. आता वाटत नाही, कारण ठरलेल्या वेळी नक्की मिळणारे औषध लोकांना चालते. ताटकळत ठेवले की मात्र ते दुसरीकडे जातात.

सणांच्या रजा श्रावणातच विचाराव्यात. गौरी-गणपतीला मावशींना गावी जायचे असते, दिवाळीत भाऊबीजेला ताईंना माहेरी, आणि मुलाच्या परीक्षा ऑक्टोबर व मार्च-एप्रिलच्या आसपास येतात. यांतला एक सण एकाला दिला तर पुढचा दुसऱ्याला, अशी नोंद मी वहीच्या शेवटच्या पानावर वर्षावार ठेवतो. तिथे गेल्या तीन वर्षांत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात कोण होते हे लिहिलेले आहे, त्यामुळे “दर वेळी मीच” असे कुणाला वाटले तर पान उघडून दोघांना मिळून पाहता येते. दोन वर्षांपूर्वी भाऊंचे तसे म्हणणे खरे निघाले, आणि त्या वर्षीची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मी घेतली.

बिघाड कुठे दिसतो

वेळापत्रक चुकले आहे हे तक्रारीआधी कागदावरच दिसते. दर महिन्याच्या शेवटी भिंतीवरचे कागद काढून समोर ठेवावेत. एकाच पाळीवर वारंवार अदलाबदल झाली असेल, तर दोष माणसाचा नसून त्या पाळीच्या वेळेचा असतो. एकच माणूस रोज दहा मिनिटे उशिरा येत असेल, तर आधी त्याची बस किंवा शाळेची गाडी तपासावी आणि मग बोलावे. मुलाच्या बाबतीत असेच झाले. पाचची पाळी असताना तो सलग दोन आठवडे सव्वापाचला येत होता, आणि प्रॅक्टिकलचा वर्ग बदलल्याचे त्याने संकोचाने सांगितले नव्हते. त्याची वेळ सव्वापाच केली आणि तेवढी पंधरा मिनिटे काउंटरवर मी थांबतो.

शेवटचा रकाना मालकाच्या तासांचा ठेवावा. सहकाऱ्यांच्या सगळ्या अडचणी सोडवल्यानंतर उरलेली भोके मालक स्वतःच्या अंगाने बुजवतो आणि ते कुठेही लिहिले जात नाही. मी माझे तास बाकीच्यांच्या हजेरीबरोबरच लिहितो. ते एका महिन्यात दोनदा ४८ च्या वर गेले की काकांना आणखी एक संध्याकाळ देता येईल का, हे विचारायला मी त्यांच्या घरी जातो.